व्याजदर कमी केले की गुंतवणूक वाढतेच? वाद घालताना या चुका टाळा

अर्थशास्त्राची मुलं शिकवायला लागल्यापासून हा वाद मी इतक्या वेळा ऐकलाय की पुढचं वाक्य काय येणार ते आधीच कळतं. मागे दोघं माझ्यासमोरच भांडत होते, अर्धा तास तरी, आणि दोघंही चुकत होते. जेवढं आठवतंय तेवढं देतो.

"अगं सोपं आहे ना, कर्ज स्वस्त झालं की कंपन्या कर्ज काढणार, नवीन मशिनरी घेणार, गुंतवणूक वाढणार. नेहमीच."

"मग 2001 मध्ये अमेरिकेत काय झालं? फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, एका वर्षात 11 वेळा कपात केली, 6.5 टक्क्यांवरून 1.75 वर आणले दर, तरी कंपन्यांची गुंतवणूक घसरलीच."

"तो अपवाद आहे."

"अपवाद आहे तर नेहमी कशाला म्हणतोस? आणि खरं सांगू का, दर कमी करून काहीच होत नाही."

आता पहिल्याची चूक बघा, कारण शंभरातली नव्वद मुलं हीच करतात. व्याजदराचा बाण खाली, गुंतवणुकीचा बाण वर, एवढं पाठ करून ठेवायचं आणि पुस्तकात त्याच्या आधी छापलेलं "इतर परिस्थिती कायम असताना" हे वाचायचंच नाही. मला या शॉर्टकटचा मनापासून राग आहे, कारण सगळा वाद त्या चार शब्दांतच असतो.

कंपनी नुसतं व्याज बघत नाही. ती दोन आकडे शेजारी ठेवते, कर्जाचा दर आणि त्या मशीनमधून किती सुटेल याचा अंदाज. समजा मशीनची किंमत 100 आहे आणि वर्षभरात त्यातून 109 परत येतील असं वाटतंय, म्हणजे 9 टक्के. कर्ज 10 टक्क्यांनी असेल तर घेणार नाही, 8 वर आलं तर घेईल. इथपर्यंत पहिला बरोबर आहे. पण त्याच दरम्यान ऑर्डरी कमी झाल्या, आहेत त्याच मशिनी अर्धा वेळ बंद, आणि नवीन मशीनमधून आता 104 च येतील असं वाटायला लागलं, तर 8 काय आणि 5 काय, कोण घेणार? 2001 मध्ये नेमकं हेच झालं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी टेलिकॉम कंपन्यांनी फायबर केबल इतकी टाकून ठेवली होती की त्यातली बरीचशी वापरातच नव्हती, मग कर्ज स्वस्त झालं म्हणून अजून केबल टाकायला कोण जाईल.

आकृतीत सांगायचं तर, उभ्या अक्षावर व्याजदर आणि आडव्यावर गुंतवणूक, दर कमी झाला की आपण त्याच वक्ररेषेवरून खाली सरकतो, आणि नफ्याची अपेक्षा पडली की अख्खी रेषाच डावीकडे सरकते. मी स्वतः अजूनही दोन्ही हालचाली वेगवेगळ्या पेनने काढतो, एकाच रंगात काढल्या की मुलं हमखास गोंधळतात. रेषा जास्त सरकली तर दर कमी होऊनही गुंतवणूक कमीच दिसते.

आणि दुसरीची चूक मला जास्त खटकते कारण ती हुशार मुलांची चूक आहे. तिने "नेहमी" खोडून काढलं ते बरोबरच, पण तिथून उडी मारून "काहीच होत नाही" वर गेली. मी तिला विचारलं, फेडने दर कमी का केले? म्हणाली, अर्थव्यवस्था मंदावत होती म्हणून. मग गुंतवणूक घसरायची कारणं कपातीच्या आधीपासूनच होती ना! कपातीनंतर गुंतवणूक घसरली, यावरून कपात निकामी ठरत नाही, दर 6.5 वरच ठेवले असते तर किती घसरली असती याच्याशी तुलना करायला हवी, आणि तो आकडा कुठल्याही तक्त्यात मिळत नाही, अंदाजच करावा लागतो. एक खूण मात्र दिसते. त्याच मंदीत अमेरिकेत घरबांधणी फारशी पडली नाही, कारण घरांना मागणी टिकून होती आणि गृहकर्ज स्वस्त झालं होतं. म्हणजे स्वस्त कर्जाचा उपयोग होतो, पण जिथे मागणी आहे तिथे. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग वहीत "नेहमी" आणि "काहीच" दोन्ही शब्द खोडले.

बाकीच्या चुका पटकन सांगतो.

छापलेल्या दरावर जाऊ नका, त्यातून अपेक्षित महागाई वजा करा. व्याज 2 टक्के आणि किमती वर्षाला 1 टक्क्याने उतरतायत तर खरा दर 3 आहे, म्हणजे कर्ज दिसतं तेवढं स्वस्त नाही.

मध्यवर्ती बँकेचा दर आणि कंपनीला पडणारा दर एक नाही, बँका घाबरलेल्या असतील तर कपात मधेच अडकते.

शेअर विकत घेणं याला इथे गुंतवणूक म्हणत नाहीत, इथे मशिनरी, इमारती, सॉफ्टवेअर असलं काही लागतं.

आणि कपातीनंतरच्या पुढच्याच तिमाहीचा आकडा घेऊन निकाल लावू नका, प्लँट उभारायचं ठरवायला, मंजुरी मिळवायला आणि ऑर्डर द्यायलाच कित्येक महिने जातात.