कंपनीचा सीआयएन कसा वाचावा: बेळगावच्या माणसाला PN का भेटतो?

गेल्या वर्षी निपाणीहून आमचे काका एका कंपनीचं लेटरहेड घेऊन आले. शेती औजारांची एजन्सी देतो म्हणून कंपनी दोन लाख अनामत मागत होती. कागदावर मोठ्या अक्षरात ‘१९८८ पासून आपल्या सेवेत’ छापलेलं होतं. मी तळाची बारीक ओळ वाचली. तिथे सीआयएन, म्हणजे कंपनीचा सरकारी ओळख क्रमांक होता, आणि त्यातलं वर्ष होतं २०२१.

कंपनी कायदा २०१३ नुसार प्रत्येक कंपनीने लेटरहेडवर आणि बिलावर हा क्रमांक छापायचा असतो. तो वाचायला सीए लागत नाही. सराव करायला आपल्याच मातीत रुजलेली एक कंपनी घेऊ, किर्लोस्कर ब्रदर्स.

```
L29113PN1920PLC000670
```

आधी मोजा. अक्षरं आणि आकडे मिळून बरोबर २१ भरले पाहिजेत. वीस किंवा बावीस भरले तर कुठेतरी चूक आहे. बहुतेक वेळा एखादं शून्य गळलेलं किंवा जास्तीचं पडलेलं असतं. मग पेन्सिलीने तुकडे पाडा: १, ५, २, ४, ३, ६.

```
L | 29113 | PN | 1920 | PLC | 000670
```

पहिलं अक्षर L म्हणजे कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, U म्हणजे नाही. इथे लोक फसतात ते नावातल्या ‘लिमिटेड’ला. तेराव्या ते पंधराव्या जागी PLC असेल तर ती पब्लिक लिमिटेड, PTC असेल तर प्रायव्हेट. पण U आणि PLC एकत्र येऊ शकतात. अशा कंपनीचे शेअर्स शेअर बाजारात विकता येत नाहीत, मग एजंट काहीही सांगो. आणि PTC वाली कंपनी गावभर ठेवी गोळा करत असेल तर तिथेच थांबा. प्रायव्हेट कंपनीला आम जनतेकडून ठेवी घेता येत नाहीत.

पुढचे पाच आकडे धंद्याचे. बेळगावच्या श्री रेणुका शुगर्सच्या क्रमांकात ते 01542 आहेत. जुन्या वर्गीकरणात १५४२ म्हणजे साखर, पुढे शून्य लावून पाच आकडे केलेत. पण यावर फार विसंबू नका. इन्फोसिससारख्या आयटी कंपनीच्या क्रमांकात 85110 आहे, आणि जुन्या वर्गीकरणात ८५११ म्हणजे रुग्णालयं.

आता राज्याची दोन अक्षरं. सीमाभागात खरा घोळ इथेच होतो. कर्नाटकाचं KA, गोव्याचं GA, महाराष्ट्राचं MH. मग कोल्हापूर-सांगलीच्या कंपन्यांवर PN कुठून येतं? महाराष्ट्रात कंपनी निबंधकाचं मुंबईखेरीज पुण्यातही कार्यालय आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे जिल्हे पुण्याकडे येतात, आणि पुण्याकडच्या बऱ्याच क्रमांकांत PN पडतं. त्यामुळे कागलपलीकडून आलेल्या बिलावर PN दिसलं तर ते बनावट समजू नका.

ही अक्षरं नोंदणीकृत कार्यालय कुठे आहे ते सांगतात. कारखाना कुठे आहे किंवा मालक कुठला, हे त्यातून कळत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत शेड असलेल्या कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय पुण्यात असू शकतं. शिवाय कार्यालय दुसऱ्या राज्यात नेलं की अक्षरं बदलतात. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली, दोन वर्षांनी बंगळूरला गेली. आज तिच्या क्रमांकात KA आहे, आणि वर्ष मात्र 1981 च.

वर्ष असं चिकटून राहतं म्हणूनच मला ते सगळ्यात उपयोगी वाटतं. तरी तेही नीट वाचावं लागतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान टाकलं १८८८ मध्ये, किर्लोस्करवाडी वसली १९१० मध्ये, आणि क्रमांकात आहे 1920, कारण कंपनी म्हणून नोंदणी तेव्हा झाली. शेअर बाजारात येण्याचं वर्षही यात नसतं: रेणुका शुगर्सचा क्रमांक 1995 दाखवतो, शेअर बाजारात ती आली २००५ मध्ये.

म्हणून काकांच्या कागदावर २०२१ पाहून मी लगेच ‘फसवणूक’ म्हटलं नाही. भागीदारीतला जुना धंदा नंतर कंपनी झाला असेल, तर १९८८ खरं असू शकतं. शेवटची पायरी यासाठीच आहे. mca.gov.in वर `View Company or LLP Master Data` मध्ये क्रमांक टाका. नाव, पत्ता आणि स्थिती कागदाशी ताडून पाहा. स्थिती `Active` हवी. `Strike Off` म्हणजे नोंदवहीतून नाव काढलेलं.

काकांच्या कागदावरचा क्रमांक खरा निघाला, पण तो दुसऱ्याच नावाच्या कंपनीचा होता. जुन्या भागीदारीचा करारनामा दाखवा म्हटल्यावर त्या माणसाचे फोन बंद झाले.

पतसंस्था, सहकारी सोसायटी आणि भागीदारी पेढीला सीआयएन नसतोच. त्यांच्याकडे तो मागू नका. सोसायटीकडे सहकार खात्याचा नोंदणी क्रमांक मागा.