पर्यायी उत्तरांतून अशक्य पर्याय कसे बाद करावेत: ढोबळ किंमत आणि शेवटचा अंक

चार पर्याय समोर असताना गणित पूर्ण सोडवण्याआधी एक काम करायचं: पर्यायच नीट बघायचे. त्यांचे शेवटचे अंक वेगवेगळे आहेत का? ते एकमेकांपासून किती लांब आहेत? शेवटचे अंक वेगळे असतील तर एकक स्थानच्या अंकावरून काम होतं. पर्याय लांब लांब असतील तर आकडे बिनधास्त जवळच्या सोप्या संख्येवर नेऊन अंदाज बांधता येतो. दोन्हीपैकी काहीच नसेल, तर वेळ न घालवता सरळ गणित करायला घ्यावं.

एक उदाहरण घेऊ.

४८७ × ६३ = ?
(अ) २८,६८१ (ब) ३०,६८१ (क) ३०,६८४ (ड) ३६,०८१

पहिली पायरी: एकक स्थानचा अंक. गुणाकाराचा शेवटचा अंक फक्त दोन्ही संख्यांच्या शेवटच्या अंकांवरून ठरतो. दशक, शतक यांचा त्याच्याशी काही संबंध नसतो. ७ × ३ = २१, म्हणजे उत्तर १ वर संपलं पाहिजे. (क) बाद. उरलेले तिन्ही पर्याय १ वरच संपतात. प्रश्न काढणाऱ्यालाही ही युक्ती ठाऊक असते, त्यामुळे पहिल्या फटक्यात तीन पर्याय उडतील अशी आशा धरू नये.

दुसरी पायरी: ढोबळ किंमत, पण दोन्ही बाजूंनी. बहुतेक जण ४८७ चे ५०० आणि ६३ चे ६० करतात आणि ३०,००० असा एकच अंदाज काढून त्याच्या जवळचा पर्याय निवडतात. मला हे अर्धवट वाटतं, कारण खरं उत्तर ३०,००० च्या वर आहे की खाली, हे त्यातून कळत नाही. त्यापेक्षा एका वेळी एकच संख्या बदलावी.

फक्त ६३ कमी करून ६० केले, तर ४८७ × ६० = २९,२२०. आपण एक संख्या घटवली, म्हणून खरं उत्तर यापेक्षा नक्की मोठं. फक्त ४८७ वाढवून ५०० केले, तर ५०० × ६३ = ३१,५००. खरं उत्तर यापेक्षा नक्की लहान. आता अंदाजाऐवजी हाताशी कुंपण आलं: उत्तर २९,२२० आणि ३१,५०० यांच्या मध्येच हवं. (अ) खालून बाहेर, (ड) वरून बाहेर. राहिला (ब).

एकच अंदाज काढायचा असेल तर गुणाकारात एक संख्या वाढवावी आणि दुसरी कमी करावी, म्हणजे चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. दोन्ही संख्या वाढवल्या तर चूक साचत जाते. भागाकारात याच्या उलट: भाज्य आणि भाजक दोन्ही एकाच दिशेने हलवावेत.

पर्याय फारच जवळ असतील तर. समजा (अ) च्या जागी ३०,८६१ असता. तो १ वर संपतो, कुंपणातही बसतो आणि घाईत बघितला तर ३०,६८१ सारखाच दिसतो. दोन अंकांची अदलाबदल करून तयार केलेला असा पर्याय सर्रास दिसतो. अंकांची बेरीज करून नऊने तपासण्याची पद्धत इथे कामाची नाही, कारण अंक तेच असल्यामुळे बेरीजही दोन्हीकडे १८ च येते. त्याऐवजी शेवटचे दोन अंक काढावेत. त्यासाठी दोन्ही संख्यांचे शेवटचे दोन-दोन अंकच पुरतात: ८७ × ६३ = ५,४८१, म्हणजे उत्तर ८१ वर संपणार. ३०,८६१ बाद.

बेरीज-वजाबाकीच्या लांब गणितात शेवटचा अंक फारच लवकर निघतो, फक्त एका ठिकाणी पाय घसरतो. ८,३५२ − ४,७६९ + १,२८६ यात एकक स्थानी २ − ९ + ६ = −१ येतं. इथे उत्तर १ वर संपतं असं समजून योग्य पर्यायच खोडला जातो. उणे आलं की १० मिळवायचे: −१ + १० = ९. खरं उत्तर ४,८६९ आहे. (एकूण उत्तरच उणे येणार असेल, तर चिन्हं उलटी करून अंक काढावा.)

भागाकार असेल तर तो गुणाकार म्हणून वाचावा. ७,८४४ ÷ ३७ मध्ये ४ आणि ७ कडे बघून भागाकाराचा शेवटचा अंक थेट सांगता येत नाही. पण बाकी शून्य आहे हे माहीत असेल, तर ३७ ला योग्य पर्यायाने गुणल्यावर शेवटी ४ आला पाहिजे. पर्याय १९२, २०७, २१२ आणि २१८ असे धरू. ७ च्या पाढ्यात ४ फक्त ७ × २ = १४ ला येतो, म्हणून २ वर संपणारे १९२ आणि २१२ उरतात. ३७ × २०० = ७,४००, आणि आपली संख्या त्याहून मोठी आहे, म्हणजे उत्तर २०० च्या वर. २१२.

भाजक ३७ होता म्हणून हे इतकं सोपं गेलं. भाजक १, ३, ७ किंवा ९ वर संपत असेल तरच एक अंक नेमका मिळतो. तो ६ वर संपत असता, तर ६ × ४ = २४ आणि ६ × ९ = ५४ असे दोन अंक चालले असते. आणि तो ५ वर संपत असेल तर गुणाकार नेहमी ० किंवा ५ वरच संपतो, त्यामुळे उत्तर सम आहे की विषम, एवढंच कळतं.

दशांश अपूर्णांकांत शेवटच्या अंकावर विसंबताना जपावं. ३.७५ × २.४ मध्ये ५ × ४ = २०, म्हणजे शेवटचा अंक शून्य. पण उत्तर ९.००० असं न छापता ९ असं छापतात, आणि शून्य शोधणारा माणूस योग्य पर्याय खोडून मोकळा होतो. शेवटचे अंक गुणून शून्य येत असेल, तर दशांशांत ही चाचणी सोडून द्यावी. प्रश्नात ‘सुमारे किती’ किंवा ‘अंदाजे’ असेल तरीही ती लावू नये. तिथे पर्याय आधीच ढोबळ केलेले असतात, त्यामुळे फक्त ढोबळ किंमत बघावी.

शेवटचा पर्याय ‘यापैकी नाही’ असेल तर या दोन्ही चाचण्या अपुऱ्या पडतात. त्या चुकीचे पर्याय काढून टाकतात, पण उरलेला पर्याय बरोबर आहे हे सिद्ध करत नाहीत. (ब) च्या जागी ३०,५८१ छापलं असतं, तरी ते १ वर संपलं असतं, ८१ वरही संपलं असतं आणि कुंपणातही बसलं असतं. अशा प्रश्नात गणित पूर्ण करावंच लागतं. मात्र कुंपण घालताना त्यातलं बरंचसं झालेलं असतं: ४८७ × ६० = २९,२२० आधीच हाताशी आहे, त्यात ४८७ × ३ = १,४६१ मिळवले की ३०,६८१.