फ्रीलान्सरचा अ‍ॅडव्हान्स टॅक्स: या चुका टाळा

अ‍ॅडव्हान्स टॅक्स म्हणजे वर्षाच्या कमाईचा अंदाज धरून हप्त्यांनी आधीच भरायचा कर. हा अंदाज बदलला की सगळ्यात जास्त गडबड डिसेंबरच्या हप्त्यात होते. ती नीट कळावी म्हणून एकाच माणसाचा हिशोब घेऊ. २०२५-२६ या आर्थिक वर्षातली एक भाषांतरकार. एप्रिलमध्ये तिचा अंदाज होता की वर्षभरात साडेसोळा लाखांची बिलं होतील. त्यातून सॉफ्टवेअर, इंटरनेट, लॅपटॉपचा घसारा असा दीड लाखाचा खर्च जाईल आणि करपात्र उत्पन्न १५ लाख राहील. यातली पाच लाखांची बिलं एका भारतीय कंपनीला आहेत, ती १०% टीडीएस कापते. बाकीचे ग्राहक परदेशातले, ते काहीच कापत नाहीत.

पहिली चूक हप्त्यांच्या आधीच होते. "बारा लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे मला वरच्या तीन लाखांवरच भरायचाय" असं तिने धरलं. तीन लाखांवर १५% म्हणजे ४५,००० रुपये, सेस धरून ४६,८००. टीडीएस ५०,००० कापला जाणार, म्हणजे भरायला काही उरतच नाही! पण बारा लाखांची ती सवलत रिबेट आहे, सूट नाही. उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर कर माफ होतो. ते ओलांडलं की कर चार लाखांपासून मोजला जातो (बारा लाखांच्या जरासं वर असणाऱ्यांना थोडा दिलासा मिळतो, पण पंधरा लाखांना तो लागू नाही). नवीन करपद्धतीत तिचा हिशोब असा: ४ ते ८ लाखांवर ५% म्हणजे २०,०००, ८ ते १२ लाखांवर १०% म्हणजे ४०,०००, वरच्या तीन लाखांवर १५% म्हणजे ४५,०००. एकूण १,०५,०००, त्यावर ४% सेस, म्हणजे १,०९,२०० रुपये. आणि हो, ७५,००० रुपयांची स्टँडर्ड डिडक्शन पगारदारांची आहे. फ्रीलान्सच्या उत्पन्नातून ती वजा करू नका.

१,०९,२०० मधून ५०,००० टीडीएस गेला की ५९,२०० उरतात. ही उरलेली रक्कम १०,००० किंवा त्याहून जास्त असेल, तरच अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरावा लागतो. इथे एक सावधगिरी. कंपनीने टीडीएस कापलाच नाही आणि पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली, तर "तिने कापायला हवा होता" म्हणून तो वजा धरता येत नाही. तेवढा कर तुम्हालाच अ‍ॅडव्हान्स टॅक्समध्ये भरायचा आहे. म्हणून प्रत्येक हप्त्याआधी फॉर्म २६एएस उघडून बघा. कापलेला टीडीएस तिथे दिसत नसेल, तर कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांना तेव्हाच विचारा, मार्चपर्यंत थांबू नका.

आता तारखा. १५ जूनपर्यंत १५%, १५ सप्टेंबरपर्यंत ४५%, १५ डिसेंबरपर्यंत ७५% आणि १५ मार्चपर्यंत १००%. हे आकडे 'तोपर्यंत एकूण किती' असे आहेत, त्या-त्या हप्त्याचे नाहीत. आपल्या भाषांतरकारणीने जूनमध्ये ८,८८० भरले. सप्टेंबरपर्यंत एकूण २६,६४० व्हायला हवे होते, म्हणून आणखी १७,७६० भरले. इथवर सगळं बरोबर.

नोव्हेंबरमध्ये परदेशातलं नवीन मोठं काम आलं आणि वर्षाचं उत्पन्न १५ ऐवजी १८ लाखांवर जाणार हे दिसू लागलं. नवा कर सेससह १,६६,४००, टीडीएस वजा जाता १,१६,४००. मग तिने डिसेंबरचा हप्ता काढला: "७५ वजा ४५ म्हणजे ३०%, १,१६,४०० चे ३०% म्हणजे ३४,९२०." हीच ती चूक. आधीचे दोन हप्ते जुन्या, कमी अंदाजावर भरलेले आहेत, तो खड्डा तसाच राहिला. बरोबर रीत अशी की नव्या अंदाजाचे ७५% काढायचे, म्हणजे ८७,३००. त्यातून प्रत्यक्ष भरलेले २६,६४० वजा करायचे. भरायचे ६०,६६०. मार्चला उरतात २९,१००.

चुकीच्या रीतीने ती २५,७४० रुपये कमी भरते. पहिल्या तीन हप्त्यांत कमी पडलेल्या रकमेवर दरमहा १% प्रमाणे तीन महिन्यांचं व्याज लागतं (१९६१ च्या कायद्यात कलम २३४सी). रक्कम शंभराच्या पटीत खाली आणून, म्हणजे २५,७०० वर, ७७१ रुपये.

मग जून-सप्टेंबरचं काय? अंदाज प्रामाणिक होता, तरी व्याजाचा हिशोब वर्षाअखेरच्या खऱ्या उत्पन्नावरच होतो. जूनमध्ये १२% आणि सप्टेंबरमध्ये ३६% भरलेले असले तर त्या हप्त्यांवर व्याज नाही, एवढीच ढील आहे. इथे जूनला किमान १३,९६८ आणि सप्टेंबरला ४१,९०४ लागले असते, ती दोन्हींत कमी पडली. व्याज जूनचं २५५ आणि सप्टेंबरचं ७७१, मिळून १,०२६ रुपये. हे टळत नाही आणि माझ्या मते त्याची धास्ती घेऊन सुरुवातीलाच फुगवलेला अंदाज धरण्यातही अर्थ नाही. एक अपवाद आहे. फ्रीलान्सचं हे तुमचं पहिलंच वर्ष असेल, तर कमाई सुरू होण्याआधीच्या हप्त्यांसाठी व्याज लागत नाही, मात्र त्या उत्पन्नावरचा कर उरलेल्या हप्त्यांत भरायला हवा.

व्याजाचा खरा फटका काहीच न भरणाऱ्याला बसतो. याच बाईने सगळा कर पुढच्या जुलैमध्ये भरला असता, तर चार हप्त्यांचं व्याज ५,८७४ झालं असतं. शिवाय ३१ मार्चपर्यंत ९०% कर भरलेला नसला की १ एप्रिलपासून वेगळं १% सुरू होतं (कलम २३४बी), त्याचे चार महिन्यांचे ४,६५६. एकूण १०,५३०. म्हणून १५ मार्च चुकली तरी ३१ मार्चच्या आत भरून टाका. तोही अ‍ॅडव्हान्स टॅक्सच धरला जातो आणि शेवटच्या हप्त्याच्या उणिवेवर फक्त एका महिन्याचं १% लागतं.

वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट, आयटी अशा ठरावीक व्यवसायांतले लोक कलम ४४एडीएखाली बिलांची निम्मी रक्कम नफा धरून विवरणपत्र भरत असतील, तर त्यांना चार हप्ते नाहीत, १५ मार्चला एकदाच १००%. भाषांतर त्या यादीत नाही. आपला व्यवसाय यादीत आहे का हे जूनच्या आधी बघा, मार्चमध्ये कळून उपयोग नाही.

शेवटी चलन. आयकर खात्याच्या पोर्टलवर `e-Pay Tax` मध्ये `Advance Tax (100)` निवडायचं, `Self-Assessment Tax (300)` नाही. २०२५-२६ च्या कमाईसाठी आकारणी वर्ष २०२६-२७ असतं, तिथे घाईत २०२५-२६ टाकलं की पैसे भलत्याच वर्षात जमा होतात आणि विवरणपत्रात ते दिसत नाहीत. असं झालं तर त्याच दिवशी पोर्टलवरून चलन दुरुस्तीची विनंती टाका, त्यासाठी मुदत थोड्याच दिवसांची असते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात आकारणी वर्ष ही भानगडच राहिली नाही, तिथे ज्या वर्षी कमावलं तेच 'कर वर्ष'. कलमांचे क्रमांकही बदलले आहेत, हप्त्यांच्या तारखा आणि टक्के मात्र तेच आहेत.