तीन किलोच्या बाळाला शिरेतून पॅरासिटामॉल: बाळ वॉर्डात येण्याआधीची तयारी

समजा, सहा दिवसांचं, पूर्ण दिवसांचं, तीन किलोचं बाळ ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत आहे. गुदद्वार तयार न झाल्यामुळे त्याची कोलोस्टोमी चालू आहे आणि तासाभरात ते तुमच्या वॉर्डात येणार आहे. तोंडानं काही देता येणार नाही, म्हणून दुखण्यासाठी शिरेतून पॅरासिटामॉल लिहिलं जाणार. ते लिहिलं जाण्याआधी काय काय जागेवर हवं, त्याची ही यादी. ती नर्सिंग स्टाफ आणि रेसिडेंट डॉक्टरांसाठी आहे. घरी देण्याच्या औषधाशी तिचा संबंध नाही.

पहिली गोष्ट वजन. ओटीच्या कागदावरचं नको, आईनं सांगितलेलं नको, काट्यावर आज केलेलं हवं. आणि ते लिहायचं ‘३ किलो’ असं. ‘३.०’ लिहिलंत तर घाईत टिंब दिसत नाही आणि बाळ तीस किलोचं होतं. किलोच्या आतला आकडा असेल तर उलट, टिंबाआधी शून्य हवंच: ‘०.९’, नुसतं ‘.९’ नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणता तक्ता पाळायचा हे आधी ठरलेलं असणं. जगात सगळीकडे एकच डोस नाही. युरोपात आणि ब्रिटनमध्ये औषधाच्या माहितीपत्रकात दहा किलोपर्यंतच्या, पूर्ण दिवसांच्या बाळांना एका वेळी ७.५ मिग्रॅ प्रतिकिलो आणि दिवसाला जास्तीत जास्त ३० मिग्रॅ प्रतिकिलो असं दिलं आहे. दहा किलोच्या वर ५० किलोपर्यंत हाच डोस दुप्पट होतो: एका वेळी १५, दिवसाला ६० मिग्रॅ प्रतिकिलो. अमेरिकेच्या लेबलवर ३२ आठवड्यांनंतर जन्मलेल्या, २८ दिवसांपर्यंतच्या बाळांना दर सहा तासांनी १२.५ आणि दिवसाला ५० मिग्रॅ प्रतिकिलो. दोन्ही तक्ते विचारपूर्वक बनवलेले आहेत. धोका आहे तो एकाचा डोस आणि दुसऱ्याची मर्यादा एकत्र करण्यात. तुमच्या हॉस्पिटलनं जो तक्ता स्वीकारला असेल तो एकच भिंतीवर लावा, दुसरा काढून टाका. पुढचं गणित मी ७.५ नं करतो. बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला यातलं काहीच आपोआप लागू करू नका. तिथे नवजात विभागाच्या डॉक्टरांनी स्वतः डोस लिहायला हवा.

नवजात बाळाला इतकं कमी का, हे माहीत असेल तर आकडा लक्षात राहतो. मोठ्या माणसाचं यकृत पॅरासिटामॉलचा बराचसा भाग ग्लुक्युरोनिक आम्लाशी जोडून लघवीवाटे काढतं. नवजात बाळात ही व्यवस्था अजून कच्ची असते. ते सल्फेट जोडण्याच्या दुसऱ्या मार्गानं बरंचसं काम भागवतं, पण एकूण निचरा मंदच होतो. मोठ्या मुलात रक्तातलं औषध दीड-दोन तासांत निम्मं होतं, नवजातात त्याला साधारण साडेतीन तास लागतात. म्हणजे एक डोस पुरता ओसरायच्या आत पुढचा येतो आणि साठा चढत जातो. म्हणूनच एका डोसाइतकंच लक्ष चोवीस तासांच्या बेरजेकडे हवं. कावीळ वाढलेली असेल, लघवी कमी असेल, बाळ सुकलेलं असेल, तर पहिल्या डोसाआधीच डॉक्टरांना विचारायचं.

आता बाटली. शिरेतून द्यायचं पॅरासिटामॉल १०० मिलीच्या बाटलीत येतं, त्यात १००० मिग्रॅ औषध असतं, म्हणजे एका मिलीत १० मिग्रॅ. दहापट चुकीचं मूळ याच सरळ आकड्यात आहे. आपल्या बाळाचा डोस ३ गुणिले ७.५, म्हणजे २२.५ मिग्रॅ, खाली आणून २२ मिग्रॅ धरू. मिलीत तो २.२. या औषधात मिग्रॅचा आकडा नेहमी मिलीच्या बरोबर दहापट असतो. त्यामुळे २२ मिग्रॅ वाचून कुणी २२ मिली ओढले, तर बाळाला २२० मिग्रॅ जातं, किलोला ७३ मिग्रॅ. २.२ मधलं टिंब पुसलं गेलं तरी नेमकं तेवढंच जातं. दोन अगदी वेगळ्या चुका एकाच चुकीच्या आकड्यावर येऊन मिळतात. वर हा आकडा विचित्र वाटतही नाही, कारण शंभर मिलीच्या बाटलीतून बावीस मिली काढले तर बाटली जवळजवळ भरलेलीच दिसते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं २०१० मध्ये लहान बाळांतल्या याच मिग्रॅ-मिली गोंधळाबद्दल इशारा दिला होता.

म्हणून ऑर्डर कशी लिहिली जाणार हे आधी बोलून घ्या. नुसते मिग्रॅ नकोत, नुसते मिली नकोत. ‘पॅरासिटामॉल १० मिग्रॅ/मिली, २२ मिग्रॅ = २.२ मिली, १५ मिनिटांत, दर ६ तासांनी, २४ तासांत जास्तीत जास्त ४ डोस’ असं सगळं एका ओळीत हवं. शेजारी वजन आणि किलोमागचा डोसही हवा, म्हणजे दुसऱ्या सिस्टरला गणित पहिल्यापासून स्वतः करता येतं. पहिलीनं केलेलं गणित वाचून ‘हो, बरोबर’ म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे. दुसरीनं कागद झाकून उत्तर काढायचं आणि मग दोन्ही जुळवायची.

ट्रेमध्ये पाच मिलीची सिरिंज ठेवा आणि वीस-पन्नास मिलीची ट्रेबाहेर ठेवा. या यादीतली ही सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट. पाचच्या सिरिंजमध्ये २२ मिली मावतच नाहीत. चूक करायला निघालेला हात तिथेच थांबतो. युरोपीय माहितीपत्रकही दहा किलोपर्यंतच्या बाळासाठी पाच किंवा दहा मिलीची सिरिंज वापरायला सांगतं, एका डोसात ७.५ मिलीच्या पुढे कधीच जाऊ नका म्हणतं आणि बाटली स्टँडला लटकवायला मनाई करतं. लटकवलेली बाटली आणि उघडी राहिलेली क्लँप, एवढ्यावर तीन किलोच्या बाळात अख्खे शंभर मिली जाऊ शकतात.

पातळ करून द्यायचं की तसंच, यावर आमच्याकडे दरवेळी वाद होतो. एक भाग औषधाला नऊ भाग सलाईन किंवा पाच टक्के डेक्स्ट्रोज, इथपर्यंत पातळ करता येतं आणि पातळ केलेलं तासाभरात संपवायचं असतं. आपल्या बाळासाठी २.२ मिली औषध आणि १९.८ मिली सलाईन, मिळून २२ मिली. आता नीट बघा: २२ मिग्रॅ औषध २२ मिलीत. पंपावर २२ मिली दिसतात आणि ते बरोबर असतात. सहा तासांनी नवी सिस्टर चार्टवर ‘२२ मिली दिले’ वाचते आणि बाटलीतून थेट २२ मिली ओढते. शिवाय पातळ करायचं म्हटलं की मोठी सिरिंज ट्रेमध्ये येतेच, म्हणजे आत्ताच घातलेला अडसर आपणच काढतो. वर दिवसाला ८८ मिली द्रव जातो, तो बाळाच्या एकूण हिशेबात धरावा लागतो. म्हणून हॉस्पिटलचा नियम परवानगी देत असेल तर मी २.२ मिली तसंच, लहान सिरिंजनं, सिरिंज पंपावर द्यायच्या बाजूचा आहे. पंधरा मिनिटांत २.२ मिली म्हणजे पंपावर ताशी ८.८ मिली. पातळच करायचं असेल तर औषध आधी लहान सिरिंजमध्ये ओढा, दुसऱ्या सिस्टरला दाखवा, मगच मोठीत मिसळा. आणि लेबलवर ‘पातळ केलेलं, १ मिग्रॅ/मिली’ असं लिहा.

पातळ न करता देताना एक्स्टेन्शन लाइन विसरू नका. लांब नळीच्या पोटातच मिली-दोन मिली राहतं आणि आपला सगळा डोसच २.२ आहे. बारीक, आखूड नळी घ्या, डोस संपल्यावर त्याच वेगानं सलाईननं ढकला. नाहीतर पंप ‘पूर्ण’ म्हणतो, बाळ रडत राहतं आणि कुणीतरी जास्तीचा डोस लिहितं.

कपाटही एकदा बघून घ्या. आपल्याकडे पॅरासिटामॉलचे दोन मिलीचे अँप्यूलही मिळतात, त्यात एका मिलीला १५० मिग्रॅ असतात. त्यातले २.२ मिली म्हणजे ३३० मिग्रॅ. हे अँप्यूल बाळांच्या वॉर्डात ठेवण्याचं कारण मला तरी दिसत नाही. थेंब, सिरप, गुदद्वारातून द्यायची गोळी हेही सगळं पॅरासिटामॉलच. ओटीत भूलतज्ज्ञांनी डोस दिला होता का आणि किती वाजता, हे बाळ ताब्यात घेतानाच विचारा आणि चोवीस तासांच्या बेरजेत मांडा. आपल्या बाळाची दिवसाची मर्यादा ९० मिग्रॅ. चार डोसांचे ८८ होतात, पाचव्याला जागा नाही.

बाळ दहा किलोच्या आसपासचं असेल तर वजन दोनदा करा. या तक्त्यात ९.८ किलोला ७३ मिग्रॅ बसतात आणि १०.२ किलोला १५३. ओला लंगोट आणि स्प्लिंट धरून केलेल्या वजनानं डोस दुप्पट होऊ शकतो.

शेवटचं, जास्त गेलंच तर काय, तेही आधी ठरवून ठेवा. पहिल्या तासांत बाळ बहुतेक शांत दिसतं, यकृताचे आकडे नॉर्मल येतात, म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही. पंप थांबवा, सिरिंज आणि बाटली फेकू नका, किती मिली कमी झाले ते मोजून वेळेसह लिहा, डॉक्टरांना लगेच बोलवा. तोंडावाटे जास्त घेतल्यावर वापरतात तो १५० मिग्रॅ प्रतिकिलोचा उंबरठा इथे लावू नका. शिरेतून गेलेल्यासाठी तो बराच खाली धरतात. रक्तातल्या पॅरासिटामॉलची पातळी चार तासांनी बघतात, सोबत यकृत, आयएनआर आणि क्रिएटिनिन. तुमच्या लॅबमध्ये पातळी होत नसेल तर ती कुठे पाठवायची आणि तोवर अ‍ॅसिटिलसिस्टीन सुरू करायचं का, हे विषमाहिती केंद्राला फोन करून डॉक्टरांनी ठरवायचं; दिल्लीच्या एम्समध्ये असं राष्ट्रीय केंद्र आहे. नंबर आजच फोनशेजारी चिकटवा आणि अ‍ॅसिटिलसिस्टीन फार्मसीत आहे का, मुदत संपलेली नाही ना, तेही आजच बघा. त्या औषधाबरोबर जाणारा द्रवही मोठ्यांच्या मापानं देऊ नका. इतक्या लहान बाळात त्यानं सोडियम उतरून झटके येऊ शकतात, म्हणून त्याचा वजनानुसारचा तक्ता औषधाच्या खोक्यालाच जोडून ठेवा.