जुने हप्ते थकले होते? नव्या लोनच्या पत्रात हे लिहा

पत्र लिहायच्या आधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा आणि त्यात जे महिने थकलेले दिसतायत तेच पत्रात लिहा, कारण पत्रात 2 हप्ते आणि रिपोर्टमध्ये 3 दिसले की पुढचं कुणी खरं मानत नाही. "काही अडचणींमुळे" असलं मोघम नको, सरळ लिहा की मार्च ते मेचे 3 हप्ते चुकले, नोकरी गेली होती, जूनमध्ये नवी लागली, ऑगस्टपर्यंत दंडासकट सगळं भरलं, त्यानंतर एकही चुकलेला नाही. सोबत रिलीव्हिंग लेटर, नवी सॅलरी स्लिप आणि थकबाकी भरल्याचं स्टेटमेंट लावा. एक पान पुरे. आणि जुनं लोन कमी रकमेत सेटल केलं असेल तर "पूर्ण फेडलं" असं अजिबात लिहू नका, रिपोर्टमध्ये ते वेगळं दिसतं.