डब्यात एक पोळी कमी, एक वाटी उसळ जास्त

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांचा डबा म्हणजे तीन पोळ्या आणि बटाट्याची किंवा भेंडीची भाजी. पोट भरतं, पण प्रथिनं जेमतेम १२ ग्रॅम, तीही बरीचशी पोळीतूनच.

त्यातली एक पोळी काढा आणि तिच्या जागी वाटीभर मटकीची उसळ ठेवा. ३० ग्रॅम कोरड्या मटकीतून साधारण ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात. सोबत वाटीभर दही घेतलं की आणखी ५. एकूण २० च्या आसपास जातं.

रोज सकाळी कोण करणार, हा खरा प्रश्न. मी असं करते:

१. रविवारी सकाळी १५० ग्रॅम मटकी भिजवते. एका माणसाला पाच दिवस पुरते.
२. रात्री उपसून फडक्यात बांधते. सोमवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात. (थंडीत जास्त वेळ लागतो.)
३. पाच वाटे करते. दोन फ्रीजमध्ये, तीन फ्रीजरमध्ये. सकाळी फोडणीत टाकून झाकण ठेवलं की दहा-पंधरा मिनिटांत उसळ तयार.

मोड चिकट लागले किंवा आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या. सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात अर्धी वाटीच खा, नाहीतर दुपारभर पोट फुगतं.

उसळ करायची राहिलीच, तर ड्रॉवरमध्ये फुटाण्यांची बरणी असू द्या. मूठभर फुटाण्यांत ६ ग्रॅम प्रथिनं असतात.

मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.