डीजे की ढोल? भांडणानंतर वातावरण असं हलकं केलं

गल्लीच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये डीजे की ढोल यावरून काकू आन् बंटी असे पेटले की मग सगळे गप्प, कोणी कोणाकडे बघूनच नाही राहिलं. लगेच जोक मारला असता तर काकूंना वाटलं असतं आपलंच हसं करून राहिले, म्हणून आधी मी सरळ बोललो, काकू, नातवाची झोप मोडते हे लिहून घेतलं, बंटी, पोरं वर्गणीसाठी दारोदार फिरली तेही लिहिलं, निर्णय रविवारी. काकूंचा आवाज खाली आला तेव्हाच म्हटलं, तर्री पोहे मागवतो, पण तर्री किती यावर मतदान नाही बाप्पा! चिमटा आमच्या मीटिंगला, माणसाला नाही. बंटी हसला, काकू नाही हसल्या, मग दुसरा जोक मारलाच नाही, पहिली प्लेट त्यांना दिली आन् नातवाचं विचारलं.